फोटोबाहेरचा अर्धा रस्ता

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला, महर्षी कर्वे रस्त्यालगत, आर्ट डेको इमारतींची रांग उभी आहे. १९८५ सालची गोष्ट सांगणाऱ्या एखाद्या चित्रपटाच्या पोस्टरसाठी तिथे फोटो काढायचा म्हटलं, तर इमारती बऱ्याचशा जशा हव्यात तशाच मिळतात. बाहेर आलेले एसी, डिश अँटेना, केबलच्या वायरी पुसाव्या लागतात, पण ते काम कंटाळवाणं असलं तरी सोपं आहे. गाडं अडतं ते फुटपाथला लागून उभ्या असलेल्या वॅगन-आरपाशी. तिला तिथून काढून तिच्या जागी काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी उभी करायची आहे.

खरी पद्मिनी आणून उभी करावी, हा पहिला विचार. पण टॅक्सी म्हणून नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता उरल्या आहेत त्या हौशी लोकांनी जपलेल्या मोजक्या गाड्या. त्यातली एक मिळवायची, रस्त्यावर उभी करण्याची परवानगी काढायची, नेमकी तेव्हाच फुटपाथलगतची जागा रिकामी मिळवायची, यापेक्षा गाडीचा फोटो वेगळा काढून संगणकावर बसवणं स्वस्त पडतं. वाहनांच्या जाहिरातींत तर हे रोजचं आहे. बाजारात अजून न आलेलं मॉडेल गुप्त ठेवायचं असतं, म्हणून रस्त्यावर दुसरीच गाडी पळवतात आणि नंतर तिच्या जागी नवी बसवतात. लंडनच्या द मिल या स्टुडिओने २०१६ मध्ये त्यासाठी ब्लॅकबर्ड नावाची एक सांगाड्यासारखी गाडीच तयार केली. तिची लांबी-रुंदी हव्या त्या मॉडेलप्रमाणे कमी-जास्त करता येते, आणि तिच्यावर भोवतालचं सगळं टिपणारे कॅमेरे बसवलेले असतात.

हे भोवताल टिपणारे कॅमेरे कशाला, यातच या कामाची मेख आहे. गाडी ही जवळजवळ पूर्णपणे आरशांनी बनलेली वस्तू आहे. काचा, पॉलिश केलेला रंग, क्रोम, दिव्यांच्या काचा, सगळ्यांत काही ना काही उमटलेलं असतं. आणि जे उमटतं ते बहुतेक फोटोत नसतंच. आपल्या फोटोत कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला, इमारतींकडे आहे. वॅगन-आरच्या दारात मात्र पूर्वेकडचं जग आहे: रस्त्याची अलीकडची बाजू, मैदानाचा कठडा, झाडं, मैदानापलीकडे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, वरचं आकाश आणि स्वतः फोटो काढणारा. गाडी बदलायची म्हणजे फोटोत न आलेला तो अर्धा रस्ता नव्या गाडीच्या पत्र्यावर, तिच्या आकाराप्रमाणे, पुन्हा उतरवायचा.

म्हणून या कामात मुरलेला माणूस जुनी गाडी आधी पुसत नाही. आधी ती वाचतो. त्या जागी, त्या वेळी, त्या उजेडात काय होतं याचा सर्वांत खात्रीचा पुरावा तीच असते. मैदानाकडचं आकाश किती पांढुरकं होतं, रस्ता किती उजळ होता, झाडांची रांग कुठे तुटत होती, ऊन कुठून येत होतं, हे सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. तिचा कापून घेतलेला भाग वेगळ्या लेयरवर जपून ठेवायचा आणि शेवटपर्यंत शेजारी उघडा ठेवायचा.

प्रतिबिंबाकडे वळण्याआधी मापं जुळवून घेऊ, कारण ती चुकली तर पुढचं सगळं वाया जातं. समजा कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहे, गाडी आठ मीटरवर आहे, लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरची ५० मिलिमीटरची आहे आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे. या हिशेबाने गाडीच्या अंतरावरचा एक मीटर फोटोत साधारण १०४० पिक्सेल भरतो. सध्याची वॅगन-आर ३.६५५ मीटर लांब आणि १.६७५ मीटर उंच आहे. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर आणि उंची सुमारे १.४७ मीटर. म्हणजे नवी गाडी, खरं तर जुनी गाडी, सुमारे २५० पिक्सेलने जास्त लांब आणि २०० पिक्सेलने बुटकी. वॅगन-आरच्या टपामागे झाकलेली २०० पिक्सेलची पट्टी उघडी पडणार. तिथे इमारतीचं कुंपण, फाटक, फुटपाथवरचं झाड जे काही असेल ते आणायला हवं. फोटो काढणाऱ्याला आधीच कल्पना असेल, तर तो ट्रायपॉड न हलवता गाडी निघून जाण्याची वाट पाहतो आणि रिकाम्या जागेचा आणखी एक फोटो घेऊन ठेवतो. याला क्लीन प्लेट म्हणतात. ती नसेल तर बाजूच्या कुंपणाचे तुकडे जोडत बसावं लागतं.

यात एक गंमत आहे. कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाणारी आडवी रेषा म्हणजे फोटोतलं क्षितिज. सपाट रस्त्यावर दीड मीटरपेक्षा उंच असलेल्या प्रत्येक गोष्टीचं डोकं या रेषेच्या वर जातं, बुटक्या गोष्टीचं खाली राहतं. वॅगन-आरचा टप क्षितिजाच्या वर आहे, म्हणून तो वरून दिसूच शकत नाही. पद्मिनीचा टप क्षितिजाच्या जेमतेम तीन सेंटीमीटर खाली येतो, त्यामुळे त्याची वरची बाजू एका बारीक पिवळ्या रेघेइतकीच दिसेल. आता कुणी एखाद्या बाल्कनीतून काढलेला पद्मिनीचा सुंदर फोटो आणून दिला, तर त्यात टप आणि बॉनेट ताटासारखे पसरलेले दिसतात. अशी गाडी कितीही रंगवा, ती रस्त्यावर बसत नाही, कलंडल्यासारखी दिसते. पद्मिनीचा फोटोही दीड मीटर उंचीवरून, आठ मीटर अंतरावरून आणि त्याच कोनातून काढलेला असला पाहिजे. तो शक्यतो मोकळ्या मैदानात काढावा, म्हणजे तिच्या अंगावर भलत्या ठिकाणच्या भिंती आणि खिडक्या येत नाहीत. फक्त आकाश आणि जमीन येते, आणि तेवढं काढून टाकणं जमतं.

आता दाराकडे येऊ. दार सरळ उभं आहे असं धरलं तर ते साधा आरसा आहे. दीड मीटर उंचीवरून, आठ मीटरवरून, दाराच्या अर्धा मीटर उंचीवरच्या बिंदूकडे पाहा. नजरेची रेषा खाली उतरत उतरत दाराला लागते आणि तशीच खाली उतरत परत फिरते. गाडीपासून चार मीटरवर ती रस्त्याला टेकते. म्हणजे त्या बिंदूत चार मीटरवरचं डांबर दिसतं. दाराच्या ९० सेंटीमीटर उंचीवर, हँडलच्या आसपास पाहिलं तर रेषा १२ मीटरवर रस्त्याला टेकते, फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे चार मीटरवर. तेव्हा उभ्या दाराचा जवळपास सगळा भाग रस्त्यानेच भरलेला असतो. आकाश त्यात नसतं, इमारतीही नसतात. नवशिके नेमकं उलट करतात. चकचकीत दिसावं म्हणून दारभर इमारती आणि ढग उमटवतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गाडी रस्त्यावर नसून काचेच्या पेटीत असल्यासारखी वाटते.

मग मैदान आणि टॉवर कुठे गेला? पत्रा जिथे वळतो तिथे. आरसा जितके अंश कलतो, त्याच्या दुप्पट अंशांनी त्यातली नजर वर जाते. खिडक्यांच्या खाली दाराचा पत्रा आत वळतो, त्याला गाडीचा खांदा म्हणतात. या खांद्यावर पत्रा उभ्यापासून साधारण दोन अंश कलला की त्यात क्षितिज येतं. पुढे दहा अंश कलेपर्यंत नजर वीस अंश वर गेलेली असते. मैदानापलीकडचा टॉवर कॅमेऱ्यापासून वीस अंश उंच दिसतो असं धरलं, तर तो पायथ्यापासून टोकापर्यंत या दहा अंशांच्या वळणात मावला पाहिजे. खांद्याची गोलाई दहा सेंटीमीटर त्रिज्येची असेल, तर दहा अंशांचं वळण म्हणजे पावणेदोन सेंटीमीटर पत्रा. आपल्या फोटोत ते होतात १८ पिक्सेल.

१८७८ साली पुरा झालेला, ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर, आणि पोस्टरवर त्याची उंची १८ पिक्सेल! तोही आपल्या ओळखीचा नाही. खांदा वर-खाली दिशेने वळलेला आहे, पण गाडीच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ सपाट आहे. म्हणून प्रतिबिंब उंचीत चेपतं, रुंदीत फारसं चेपत नाही. उंच टॉवरचा आखूड ठिपका होतो, झाडांची रांग एक खरखरीत गडद रेघ होते. त्या रेघेच्या वर एकदम उजळ पट्टा सुरू होतो, तो आकाशाचा. गाड्यांच्या फोटोंत खांद्यावरून पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी जी धारदार रेघ आपल्याला आवडते, ती गाडीची रेघ नसून दुमडलेलं क्षितिज असतं. डिझायनर पत्र्याची वळणं ठरवताना या रेघेचा विचार करतात, आणि गाडी बदलणाऱ्यालाही सगळ्यात जास्त वेळ तिलाच द्यावा लागतो. पद्मिनीच्या मागच्या चाकावरचा पत्रा दारापेक्षा वेगळा वळतो, म्हणून तिथे रेघ वर-खाली सरकते. ती सरळ पट्टीने ओढली की मेहनत वाया गेलीच म्हणायची.

आणि ही रेघ दारांच्या फटींवर मोडते. शेजारशेजारचे दोन पत्रे कधीच तंतोतंत एका पातळीत नसतात. अर्ध्या अंशाचा फरक असला तरी प्रतिबिंबात तो एक अंशाचा होतो आणि रेघ फटीच्या दोन्ही बाजूंना किंचित वेगळ्या उंचीवर येते. नव्या गाडीतही असं होतं. १९८५ सालची टॅक्सी तर एकदा-दोनदा डेंटिंग-पेंटिंग करून आलेली असणार. पुट्टी भरून घासलेल्या दारात रेघ पाण्यात पाहिल्यासारखी हलते. पोस्टर बनवणाऱ्याला ही थरथर मुद्दाम घालावी लागते. बिनचूक, अखंड रेघ ही इथे खोटेपणाची खूण असते.

प्रतिबिंब कुठे पडतं ते झालं. ते किती ठळक दिसतं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि काळी-पिवळी टॅक्सी तो समजून घ्यायला फार सोयीची आहे. रंगाच्या वरच्या चकाकीच्या थरावर प्रकाश समोरून पडला तर त्याचा सुमारे चार टक्के भाग परत फिरतो, बाकीचा आत रंगापर्यंत जातो. कोन तिरका होत जाईल तसा हा वाटा वाढतो: साठ अंशांवर नऊ टक्के, ऐंशी अंशांवर जवळजवळ चाळीस. म्हणूनच गाडीच्या बाजूने नजर लांबवर टाकली की तिचा पत्रा आरशासारखा होतो आणि समोरून पाहिलं की रंग दिसतो. आपल्या फोटोत दारं जवळपास समोर आहेत. तिथे चार टक्केच धरायचे. बॉनेटचा माथा मात्र इतक्या तिरक्या कोनातून दिसतो की त्यात निम्म्याहून जास्त आकाशच असतं.

हे चार टक्के काळ्या दारावर आणि पिवळ्या टपावर सारखेच असतात, कारण परत फिरवणारा थर रंगाच्या वर आहे, त्याला खालच्या रंगाशी देणंघेणं नाही. पण काळा रंग स्वतः जवळपास काहीच प्रकाश देत नाही. त्यामुळे काळ्या दारात आपल्याला जे दिसतं ते जवळजवळ सगळं प्रतिबिंबच असतं. पिवळा रंग स्वतःच भरपूर प्रकाश फेकतो, त्यात हे चार टक्के बुडून जातात. एकाच गाडीवर खाली आरसा आणि वर साधा रंग. वॅगन-आर पांढरी असेल तर तिच्या दारात रस्ता होता, पण फिक्या धुपटासारखा. तो काळ्या दारावर ठळक होऊन बसणार, आणि तसा बसलाच पाहिजे.

इथे सॉफ्टवेअरच्या सवयी आड येतात. फोटोशॉपमध्ये प्रतिबिंबाचा लेयर `Screen` किंवा `Linear Dodge (Add)` वर ठेवतात, कारण परतलेला प्रकाश रंगात मिसळत नाही, त्याच्यावर भर घालतो. मग कुणी पुस्तकी हिशेबाने लेयरची `Opacity` चार टक्के करतो आणि काहीच दिसत नाही म्हणून वैतागतो. फोटोतले ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. पांढरा कागद २५५ वर असेल तर त्याचा चार टक्के प्रकाश १० वर येत नाही, ५६ च्या आसपास येतो. काळ्या दारावर ५६ म्हणजे चांगलाच ठसठशीत राखाडी. ज्यांना आकडेमोड नको त्यांनी फाइल ३२-बिटमध्ये उघडावी, तिथे चार टक्के म्हणजे खरोखर चार टक्के असतात.

३२-बिटचं महत्त्व खरं कळतं ते क्रोमपाशी. पद्मिनीचे बंपर, चाकांच्या वाट्या आणि समोरची जाळी क्रोमची. क्रोम निम्म्याहून जास्त प्रकाश परत पाठवतं, आणि बंपर पळीच्या पाठीसारखा फुगीर असतो, त्यामुळे डावीकडच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या कोपऱ्यापर्यंतचा अख्खा रस्ता त्यात गोळा होतो. वॅगन-आरचे बंपर गाडीच्याच रंगाच्या प्लॅस्टिकचे. इथे तिचा पुरावा अपुरा पडतो. म्हणून फोटो काढतानाच गाडीच्या जागेशेजारी एक चकचकीत धातूचा गोळा धरून त्याचे फोटो घ्यायचे. एका गोळ्यात मागचा थोडासा भाग सोडून सगळं भोवताल येतं. त्याचे फोटो एकाच नव्हे, तर कमी-जास्त एक्स्पोजरवर अनेक घेतात.

अनेक का? सकाळी नऊच्या उन्हातली पांढरी भिंत आणि सूर्य, दोन्ही साध्या फोटोत २५५ वर अडकतात. खरा सूर्य त्या भिंतीच्या हजारो पट तेजस्वी असतो. दारावर दोघांचे चार-चार टक्के घेतले तर भिंतीचा राखाडी डाग उरला पाहिजे, सूर्य मात्र तरीही डोळे दिपवणारा पांढरा राहिला पाहिजे. साध्या फोटोवरून हिशेब केला तर सूर्यही राखाडी होतो, आणि गाडी ढगाळ दिवशीची वाटते. गडद एक्स्पोजरमध्ये सूर्याचं खरं तेज टिपलं जातं, उजळ एक्स्पोजरमध्ये सावलीतले तपशील, आणि सगळे एकत्र करून एकच फाइल बनते. पॉल डेबेवेक या अमेरिकन संशोधकाने १९९८ च्या सिग्राफ परिषदेत, अशा फाइलच्या उजेडात संगणकातली वस्तू ठेवून ती खऱ्या फोटोत कशी मिसळायची ते दाखवलं. गोल प्रतिमा वस्तूवर गुंडाळून तिला चकाकी देण्याची कल्पना त्याहून जुनी, जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांची, १९७६ ची. १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’ मधला वितळलेल्या धातूचा माणूस अशाच गुंडाळलेल्या प्रतिबिंबांवर उभा होता.

आपल्याला अख्खी पद्मिनी संगणकात घडवण्याची गरज नाही. बंपर, चाकांच्या वाट्या आणि बाजूच्या आरशाची पाठ यांचे साधे आकार ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घडवले, गोळ्याची फाइल त्यांच्याभोवती लावली आणि त्याच कॅमेऱ्याच्या मापाने चित्र काढून घेतलं तरी भागतं. एक अडचण उरते. ही फाइल भोवतालचं सगळं अनंत अंतरावर आहे असं मानते. टॉवरच्या बाबतीत ते खपतं. चाकाखालच्या रस्त्याच्या बाबतीत खपत नाही: बंपरात रस्ता गाडीला येऊन न चिकटता दूर तरंगतो. त्यावर उपाय म्हणजे रस्ता वेगळा सपाट पृष्ठभाग म्हणून मांडायचा, त्यावर खऱ्या रस्त्याचा फोटो अंथरायचा आणि गोळ्याची फाइल फक्त त्यापलीकडच्या जगासाठी वापरायची.

ऊन कुठे चमकेल हेही ठरलेलं असतं. हिवाळ्यात सकाळी नऊला मुंबईत सूर्य आग्नेयेला, पंचविसेक अंशांवर असतो, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे, त्याच्या डाव्या हाताला. कॅमेऱ्याची दिशा आणि सूर्याची दिशा यांच्या बरोबर मधल्या दिशेला पत्र्याचं तोंड जिथे असेल तिथेच तिरीप पडते. प्रत्येक फुगीर वस्तूवर ती जागा मधोमध नसून थोडी डावीकडे आणि थोडी वर येते. वॅगन-आरच्या चाकांवर हे आधीच दिसत असतं, तिथून ताडून घ्यायचं. सावलीची दिशाही त्यावरूनच कळते: ती गाडीच्या मागे, इमारतींकडे, आणि उजवीकडे पडते. पद्मिनी बुटकी, म्हणून तिची सावलीही आखूड. वॅगन-आरची सावली सुमारे ३.६ मीटर लांब होती, हिची ३.१५ मीटर. जुनी सावली तशीच ठेवून तिच्यावर नवी गाडी बसवण्याचा आळस बऱ्याच जणांना नडतो. पुढच्या बंपरच्या उजवीकडे कुणाचीच नसलेली सावलीची एक पट्टी उरते.

काचांची कथा वेगळी. काचेत दोन चित्रं एकावर एक असतात: बाहेरचं प्रतिबिंब आणि काचेतून आरपार दिसणारं. वॅगन-आरच्या खिडकीतून पलीकडच्या कुंपणाचा जो तुकडा दिसत होता तो पद्मिनीच्या खिडकीतून दिसणार नाही, कारण खिडकी खाली सरकली आहे. क्लीन प्लेटमधून नवा तुकडा घ्यावा लागतो आणि तो मूळ रस्त्यापेक्षा गडद करावा लागतो, कारण प्रकाश दोन काचा ओलांडून येतो. मधे सीटची पाठ, स्टिअरिंगचं चाक, डॅशबोर्डवरची देवाची मूर्ती. बाहेरचं प्रतिबिंब कलण्यावर अवलंबून असतं. काच आत वीस अंश कललेली असेल तर नजर चाळीस अंश वर जाते, म्हणजे तिच्यात झाडांचे शेंडे सोडून वरचं आकाश येतं. काच आत्ताच्या गाड्यांच्या मानाने उभी असेल तर तिच्यात झाडं येतात, आणि झाडांच्या गडद भागातून गाडीचा आतला भाग स्पष्ट दिसतो, तर आकाश दिसतं तिथे धूसर होतो. वॅगन-आरच्या खिडकीतला आकाशाचा पट्टा उचलून पद्मिनीच्या काचेवर जसाच्या तसा डकवला, तर हा फरक हरवतो. फोटो काढताना पोलरायझर फिल्टर लावला असेल तर काही कोनांतली प्रतिबिंबं आधीच पुसट झालेली असतात. मग नव्या काचेतही ती त्याच कोनांत पुसट करावी लागतात.

सगळं जमल्यावर टॅक्सी फारच नवी दिसते, ही नेहमीची तक्रार. खरी टॅक्सी शोरूममधली नसते. टप आणि बॉनेट आडवे असल्याने त्यांच्यावर धूळ बसते आणि तिथलं आकाश पसरट, दुधाळ होतं. दारं ड्रायव्हरने सकाळी फडक्याने पुसलेली असतात, म्हणून तिथे प्रतिबिंब बरंच टिकतं. चाकांजवळ पुन्हा चिखलाचे शिंतोडे. सगळीकडे सारखा धूसरपणा घालणं चूक. शिवाय खडबडीत पृष्ठभागावर जवळच्या गोष्टीचं प्रतिबिंब त्यातल्या त्यात स्पष्ट राहतं आणि दूरच्या गोष्टीचं जास्त फिसकटतं. दाराच्या तळाशी रस्ता ओळखू यावा आणि खांद्यावरचा टॉवर विरघळलेला असावा. म्हणजे त्या १८ पिक्सेलमधलाही बराचसा टॉवर शेवटी जातो! टपावरचं करिअर आणि बॉनेटच्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर यांना विसरू नये. त्यांचीही प्रतिबिंबं खालच्या पत्र्यात पडतात, करिअरच्या पट्ट्यांची टपावर, मीटरची बॉनेटवर.

अशा जोडकामातली लबाडी पकडण्यासाठी जेम्स ओ’ब्रायन आणि हनी फरीद यांनी २०१२ मध्ये एक भूमितीची पद्धत मांडली. सपाट आरशासमोरची वस्तू आणि तिचं प्रतिबिंब यांच्या जुळणाऱ्या बिंदूंना रेषांनी जोडलं, तर त्या सगळ्या रेषा एकाच बिंदूकडे जायला हव्यात. गेल्या नाहीत तर प्रतिबिंब बनावट. गाडीच्या फुगीर पत्र्यावर ही कसोटी तशीच लावता येत नाही, पण दुकानाच्या काचेसमोर किंवा पावसाने भिजलेल्या सपाट रस्त्यावर गाडी उभी असेल तर चांगली लागू पडते. साध्या वाचकाला एवढं गणित करायला नको. दाराच्या खालच्या भागात रस्ता आहे की आकाश, हे पाहिलं तरी बरंच कळतं. आणि प्रतिबिंबातल्या पाट्या, नंबर, घड्याळं उलटी आहेत ना, तेही पाहावं. घाईत सरळच राहिलेल्या पाट्या जाहिरातींतही सापडतात.

आपल्या पोस्टरमध्ये आणखी एक काम उरलं आहे, आणि बहुतेकांचं लक्ष तिथे जात नाही. वॅगन-आरच्या मागे, फोटोत डावीकडे, अँबेसेडर उभी आहे असं समजा. ती १९८५ मध्ये शोभते म्हणून तिला हात लावलेला नाही. पण तिच्या पुढच्या बंपरमध्ये आणि दिव्यांच्या क्रोमच्या कड्यांत वॅगन-आरची पांढरी पाठ उमटलेली आहे. मुख्य गाडी बदलली आणि शेजारणीत जुनीच राहिली. तिथे पद्मिनीची काळी डिकी, दोन लाल दिवे आणि मधल्या मोकळ्या जागेतला रस्ता उतरवावा लागेल. बदल उलटाही आहे: पद्मिनीच्या मागच्या बंपरमध्ये अँबेसेडरचं नाक यायला हवं. दोन्ही गाड्या अगदी जवळ असतील तर एकीच्या बंपरातल्या दुसरीच्या बंपरात पहिली पुन्हा दिसते. तिसऱ्या वेळेला ती दोन-तीन पिक्सेलची होते. तिथे थांबलं तरी चालतं.